वर फेकलेल्या चेंडूतला ‘जोर’: बल आणि गतीबद्दलची एक चिवट गैरसमजूत ओळखून बदलण्याची पाठयोजना

चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटला आहे, अजून वर चालला आहे. या क्षणी त्यावर कोणती बलं आहेत?

नववीच्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा. न्यूटनचे तिन्ही नियम धडाधड म्हणणारी मुलंसुद्धा चेंडूला वरच्या दिशेने एक बाण काढतात आणि त्याला ‘फेकण्याचं बल’ असं नाव देतात. मग खालच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाचा छोटा बाण. सर्वांत उंच बिंदूवर दोन्ही बाण सारखे, कारण ‘तिथे चेंडू थांबतो’. खाली येताना गुरुत्वाचा बाण मोठा. चित्र नेटकं, आतून सुसंगत आणि चूक असतं. बरोबर उत्तर असं की हवेचा विरोध सोडला तर तिन्ही ठिकाणी एकच बल आहे, पृथ्वीचं, खालच्या दिशेने, आणि तिन्ही ठिकाणी तेवढंच.

बल आणि गतीबद्दलच्या गैरसमजुती पुष्कळ आहेत. जड वस्तू आधी पडते, टेबल पुस्तकाला वर ढकलत नाही, घर्षण फक्त अडथळाच आणतं, वगैरे. या लेखात मी ‘गती आहे म्हणजे गतीच्या दिशेने बल असलंच पाहिजे’ ही एकच घेतो, कारण बाकीच्या अनेकींचं मूळ तिच्यात आहे. आधी ती नेमकी कशी ओळखायची आणि मग चार तासिकांत ती कशी हलवायची, ते क्रमाने पाहू.

गैरसमजूत येते कुठून

आपली भाषा आधी ऐका. ‘चेंडूत जोर होता म्हणून तो लांब गेला’, ‘जोर ओसरला की खाली येतो’, ‘गाडीचा जोर कमी झाला’. मराठीत ‘जोर’ हा शब्द आपण ढकलण्यालाही वापरतो आणि चालत्या वस्तूकडे जे काही असतं त्यालाही. मुलाच्या डोक्यात हे दोन अर्थ वेगळे झालेलेच नसतात. आपण फळ्यावर ‘बल’ लिहितो तेव्हा तो मनातल्या मनात ‘जोर’ असं भाषांतर करतो, आणि त्या शब्दाबरोबर ‘वस्तूत साठवता येणारी गोष्ट’ हा अर्थही आत येतो.

ही समजूत अडाण्याची मुळीच नाही. सहाव्या शतकात फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने अगदी हेच मांडलं होतं: फेकणारा वस्तूला काहीतरी देतो आणि तेच तिला पुढे नेतं. हे विचार मोडून नवे बांधायला फार मोठ्या माणसांना कित्येक पिढ्या लागल्या. आपल्या वर्गातलं मूल पंधरा वर्षांच्या अनुभवातून स्वतःहून बुरिदानपर्यंत पोहोचलेलं असतं. म्हणून ‘चूक, बरोबर उत्तर लिहून घ्या’ एवढ्याने काही हलत नाही. १९८२ मध्ये जॉन क्लेमंट यांनी नाणं वर फेकण्याचा प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दिला, तेव्हा यांत्रिकीचा अभ्यासक्रम पुरा झाल्यावरही बहुसंख्य विद्यार्थी वरच्या दिशेचं बल दाखवतच होते.

त्याच वर्षी पोस्नर, स्ट्राइक, ह्यूसन आणि गर्टझॉग यांनी संकल्पना बदलायला काय लागतं ते चार अटींत मांडलं. जुन्या कल्पनेबद्दल असमाधान वाटलं पाहिजे, नवी कल्पना कळली पाहिजे, ती पटण्याजोगी वाटली पाहिजे आणि ती पुढे कामाला आली पाहिजे. माझ्या अनुभवात शिक्षक दुसरीवर सगळा वेळ घालवतात आणि पहिली व चौथी राहून जातात. खालची योजना या चारही अटींभोवती रचली आहे.

निदान: बारा मिनिटांचा कागद

धडा सुरू करण्याच्या किमान एक दिवस आधी हा कागद द्या. गुण नाहीत, हे आधीच सांगा. प्रश्न दोनच.

पहिला: ‘चेंडू सरळ वर फेकला आहे. हातातून सुटून वर जाताना (अ), सर्वांत उंच बिंदूवर (ब) आणि खाली येताना (क) अशी तीन चित्रं काढा. प्रत्येक चित्रात वेग निळ्या बाणाने आणि बल लाल बाणाने दाखवा. प्रत्येक लाल बाणाशेजारी ते बल कोण लावत आहे ते लिहा. हवेचा विरोध धरू नका.’

दोन रंगांचा आग्रह सोडू नका. एकच रंग दिला तर काही मुलं वेगाचा बाण काढतात आणि आपण त्याला बल समजतो. मग जी गैरसमजूत त्या मुलात नाहीच तिच्यावर उपचार सुरू होतात. ‘कोण लावत आहे’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा, कारण पुढच्या चारही तासिकांचं ते मुख्य हत्यार आहे.

दुसरा: ‘चेंडू वर जाताना निम्म्या वाटेवर असताना पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण अचानक पूर्ण बंद झालं, असं समजा. चेंडूचं पुढे काय होईल? का?’

मला विचाराल तर दोघांत हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. पहिल्याचं उत्तर पाठ करता येतं, याचं करता येत नाही. ‘आणखी थोडा वर जाऊन थांबेल, कारण जोर संपेल’ असं लिहिणाऱ्याच्या मनात साठवलेला आणि संपणारा जोर आहे. ‘वेग वाढत जाईल, कारण आता फक्त हाताचं बल उरलं’ असं लिहिणाऱ्याच्या मनातही जोर आहे, पण तो संपत नाही. हा विद्यार्थी दुसरा नियम गांभीर्याने वापरतो आहे आणि त्याला हलवणं सोपं जातं. ‘त्या क्षणी जेवढा वेग होता तेवढ्याच वेगाने सरळ वर जात राहील’ असं कारणासकट लिहिणाऱ्याला खरोखर समजलेलं आहे.

कागद वाचताना

उत्तरं चूक-बरोबर अशी तपासू नका, ढीग करा. माझे साधारण चार ढीग होतात.

सर्वांत मोठा ढीग वर सांगितलेल्या चित्राचा: वर जाताना हाताचा मोठा बाण, माथ्यावर बरोबरी, खाली येताना गुरुत्वाचा विजय. दुसऱ्या ढिगातली मुलं वर जाताना गुरुत्व दाखवतच नाहीत. त्यांच्या मते पृथ्वी ओढायला सुरुवात करते ती चेंडू माथ्यावर पोहोचल्यानंतर. हा ढीग छोटा असतो, पण वेगळा ठेवा, कारण त्या मुलांना आधी ‘हातात धरलेल्या, वर जाणाऱ्या, पडणाऱ्या अशा सगळ्या चेंडूंना पृथ्वी ओढतेच’ हे पटावं लागतं. तिसऱ्या ढिगात अ आणि क बरोबर असतात आणि ब वर शून्य बल असतं. इथे अडचण जोराची नाही, वेग शून्य म्हणजे बल शून्य या समजुतीची आहे.

चौथा ढीग फसवा असतो. बाण सगळे बरोबर, पण शेजारच्या वाक्यात ‘हाताचं बल हळूहळू संपतं म्हणून चेंडू वळतो’ किंवा ‘जडत्वाचं बल वर नेतं’ असं लिहिलेलं असतं. ‘जडत्वाचं बल’ आणि ‘संवेगाचं बल’ हे शब्द दिसले की थांबा. जुन्याच जोराला पुस्तकातलं नाव मिळालेलं असतं. पुढच्या परीक्षेत हे विद्यार्थी पूर्ण गुण मिळवतील आणि गैरसमजूत जागच्या जागी राहील.

ढीग झाले की प्रत्येकातल्या एखाद्या मुलाला बाजूला बोलावून पाच मिनिटं बोला. फक्त ऐका, दुरुस्ती करू नका. त्यांचे शब्द वहीत जसेच्या तसे लिहा, कारण पुढच्या तासिकेत फळ्यावर तेच शब्द लागणार आहेत.

पहिली तासिका: दिसणारं बल

चेंडूपासून सुरुवात करू नका. चेंडूवरचं एकमेव बल डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्याशेजारी आणखी एक न दिसणारं बल मानायला मुलाला काहीच अडत नाही. म्हणून आधी असा प्रयोग हवा, ज्यात मागे ओढणारी गोष्ट दिसते.

साहित्य थोडं आहे: कमी घर्षणाची चाकगाडी, २.५ न्यूटनपर्यंतचा स्प्रिंग काटा, न ताणणारा दोरा, टेबलाच्या कडेला लावायची कप्पी आणि १०० ग्रॅमचं वजन. काटा गाडीवर आडवा चिकटवा. गाडी आणि काटा मिळून साधारण १ किलो भरेल एवढं ओझं ठेवा. काट्याच्या हुकाला दोरा बांधून तो कप्पीवरून खाली सोडा आणि टोकाला वजन लावा. काटा आडवा ठेवल्यावर त्याचा शून्य सरकतो, तो आधी जुळवून घ्या. नाहीतर पुढे सगळी चर्चा त्या चुकीच्या आकड्यावरच अडकते.

गाडी हाताने धरून ठेवली की काटा १ न्यूटन दाखवतो. आता गाडीला कप्पीपासून दूर एक धक्का द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. सुरुवातीचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास असेल तर गाडी सुमारे अर्धा मीटर जाते, थांबते आणि परत येते. वर फेकलेल्या चेंडूचीच ही आडवी प्रतिकृती आहे.

पण धक्का देण्याआधी थांबा. प्रत्येकाने वहीत लिहायचं: दूर जाताना, वळण्याच्या क्षणी आणि परत येताना काटा किती दाखवेल? मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालायचा आणि हवं तर उत्तर बदलायचं. बदललं तर जुनं खोडायचं नाही, शेजारी नवं लिहायचं. ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो, कारण वेळ कमी असतो आणि प्रयोग तयार असतो. मीही सुरुवातीची काही वर्षं प्रयोग थेट दाखवत असे. मुलं खूश होत आणि पुढच्या आठवड्यात तेच जुने बाण काढत. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांच्या गटाने २००४ मध्ये हेच तपासलं: प्रयोग नुसता पाहिलेले विद्यार्थी तो न पाहिलेल्यांपेक्षा जवळजवळ काहीच अधिक समजून घेत नव्हते, आधी अंदाज बांधलेल्यांना मात्र स्पष्ट फायदा झाला होता.

बहुतेक अंदाज असे येतात: दूर जाताना काटा कमी दाखवेल, वळताना शून्य, परत येताना जास्त. आता प्रयोग तीनदा करा. पहिल्यांदा सगळे गाडीच बघतात, काट्याकडे कोणाचं लक्ष नसतं. दुसऱ्यांदा ‘फक्त काटा बघा’ असं सांगा. तिसऱ्यांदा मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करून ते सगळ्यांना दाखवा. हात सुटल्यानंतर काटा तिन्ही टप्प्यांत सुमारे ०.९ न्यूटनवर असतो. वळणाच्या क्षणीही तो तिथेच असतो.

‘१ चं ०.९ का झालं?’ हा प्रश्न येईलच. लटकणारं वजन आता स्वतःही त्वरणित होत आहे, म्हणून दोऱ्यातला ताण थोडा कमी भरतो. एवढं सांगून पुढे जा, पूर्ण गणित या तासिकेत नको. आणखी एक गोष्ट चौकस मुलं पकडतात: परत यायला गाडीला थोडा जास्त वेळ लागतो. ते घर्षणामुळे. जाताना घर्षण दोऱ्याला मदत करतं, येताना विरोध करतं. मुलांनी हे पकडलं तर मान्य करा, लपवू नका.

मग तासिकेचा खरा प्रश्न विचारा: ‘गाडी दूर जाते आहे, तेव्हा तिला पुढे कोण ढकलतंय?’ उत्तर येतं ‘तुमचा हात’. हात वर करून दाखवा आणि विचारा, ‘हात आत्ता कुठे आहे?’ फळ्यावर दोन रकाने काढा: ‘बल’ आणि ‘कोण लावतंय’. दोरा, घर्षण, गुरुत्व, टेबलाचा आधार, सगळ्यांना धनी सापडतो. ‘धक्क्याचा जोर’ लिहिला की दुसरा रकाना रिकामा राहतो. तो रिकामाच ठेवून तासिका संपवा. निष्कर्ष आज सांगायचा नाही. हे असमाधान रात्रभर राहू द्या.

एक आक्षेप, ज्याची तयारी हवी

एका वर्गात एका मुलीने मला विचारलं होतं, ‘सर, पृथ्वीही चेंडूला शिवत नाही, तरी ती ओढते. मग हातही लांबून ढकलत असेल तर?’ ‘पुस्तकात तसं नाही’ म्हणून हा प्रश्न उडवला तर वर्गाचा विश्वास जातो, कारण प्रश्न रास्त आहे. उत्तर प्रयोगातून द्या. हात लांबून ढकलत असेल तर हाताचं काय केलं याचा चेंडूवर परिणाम दिसला पाहिजे. चेंडू सोडल्यावर हात खिशात घाला, बाजूला न्या, पाठीमागे न्या, हात आणि चेंडू यांच्यामध्ये पुठ्ठा धरा. चेंडू तसाच जातो आणि तसाच येतो. पृथ्वीच्या बाबतीत मात्र अंतर खूप वाढवलं की ओढ मोजण्याइतकी कमी होते, म्हणजे तिथे धनी आहे आणि त्याचा परिणाम तपासता येतो. ती मुलगी यावर म्हणाली, ‘म्हणजे हाताने बल नाही दिलं, दुसरंच काहीतरी दिलं.’ तिसऱ्या तासिकेचं दार तिनेच उघडून दिलं.

दुसरी तासिका: चेंडूचं चित्रण आणि दहा सेंटिमीटर

आता चेंडू. भिंतीवर उभी मीटरपट्टी चिकटवा, चेंडू भिंतीला लागूनच वर फेका आणि मोबाइल तीन-चार मीटर लांब स्थिर ठेवून सेकंदाला ३० फ्रेमने चित्रण करा. उजेड भरपूर हवा, कारण उजेड कमी असला की चेंडू पुसट दिसतो आणि काही कॅमेरे फ्रेमचा वेग आपोआप उतरवतात. शंका असेल तर आधी चालू स्टॉपवॉचचं चित्रण करून फ्रेम मोजून घ्या.

दर तिसरी फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद. सेकंदाला ५ मीटर वेगाने सुटलेल्या चेंडूसाठी गुरुत्व त्वरण १० धरलं तर उंची अशी येते:

| सुटल्यापासून वेळ (सेकंद) | उंची (सेंमी) | मागच्या ०.१ सेकंदात कापलेलं अंतर (सेंमी) |
|---|---|---|
| ०.१ | ४५ | ४५ वर |
| ०.२ | ८० | ३५ वर |
| ०.३ | १०५ | २५ वर |
| ०.४ | १२० | १५ वर |
| ०.५ | १२५ | ५ वर |
| ०.६ | १२० | ५ खाली |
| ०.७ | १०५ | १५ खाली |

तुमच्या चित्रणात सुटण्याचा क्षण फ्रेमवर नेमका सापडणार नाही, त्यामुळे शेवटच्या रकान्यातले आकडे वेगळे असतील. पण लागोपाठच्या आकड्यांमधला फरक १० च्या आसपासच येईल. वाचनात एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात आणि एखादा फरक ७ किंवा १३ येतो. म्हणून गटागटाने वाचन करून सरासरी काढा. माझ्या वर्गात मी चार गट करतो आणि प्रत्येकाला एकच चित्रण देतो.

आता मुलांना विचारा: वर जाताना प्रत्येक ०.१ सेकंदात अंतर कितीने घटतं? माथ्यापाशी, ५ वर पासून ५ खाली होताना, बदल कितीचा? (तोही १०.) खाली येताना? सगळीकडे १०. ०.१ सेकंदात १० सेंटिमीटरचा बदल म्हणजे वेगात सेकंदाला १ मीटर एवढा बदल, दर ०.१ सेकंदाला. म्हणजे त्वरण १०, खालच्या दिशेने, तिन्ही टप्प्यांत तेच.

इथे दुसरा नियम पहिल्यांदा खरोखर कामाला येतो. चेंडू १०० ग्रॅमचा आहे. ०.१ किलो गुणिले १०, म्हणजे एकूण बल १ न्यूटन, खालच्या दिशेने. आता तोच चेंडू स्प्रिंग काट्याला टांगा: वजन १ न्यूटन. हिशोब फळ्यावर मांडा. चेंडूच्या चालीवरून काढलेलं एकूण बल १ न्यूटन, पृथ्वीची ओढ १ न्यूटन. वरच्या दिशेच्या जोराला उरलं काय? शून्य. माथ्यावरही शून्य, सुटल्यानंतर लगेचही शून्य. जोर असता आणि तो हळूहळू कमी होत असता, तर एकूण बल बदलत गेलं असतं आणि फरकही १० वर स्थिर राहिला नसता. मुलांच्या स्वतःच्या मोजमापातून निघालेला हा पुरावा माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा जास्त पटतो.

माथ्यावर कोणीतरी अडेलच: ‘सर, या दोन फ्रेममध्ये चेंडू एकाच जागी आहे, म्हणजे तो थांबलाय.’ निरीक्षण बरोबर आहे. माथ्याच्या अलीकडे-पलीकडे सेकंदाच्या साठाव्या भागात चेंडू दीड मिलिमीटरसुद्धा हलत नाही, तेवढं आपल्या पट्टीवर दिसणार नाही. मग उलट विचारा: माथ्यावर बल खरंच शून्य असतं आणि वेगही शून्य, तर चेंडू परत आला कशामुळे? तो तिथेच लटकून राहिला असता. तिसऱ्या ढिगातल्या मुलांना हा प्रश्न लागू पडतो. त्यांना कालच्या गाडीचीही आठवण करून द्या: वळताना काटा शून्यावर आला नव्हता.

तिसरी तासिका: जोराला योग्य घर

बरेच शिक्षक इथे थांबतात. माझ्या मते खरं काम आता सुरू होतं. मुलाची समजूत पूर्ण चूक नव्हती. चालत्या चेंडूकडे काहीतरी असतं, वर जाताना ते कमी होतं, माथ्यावर शून्य होतं, हे त्याचं निरीक्षण खरं आहे. त्याने फक्त त्याला बल म्हटलं. जुनी कल्पना काढून घेऊन रिकामी जागा सोडली तर ती परत येते. तिला नाव द्या: ती गोष्ट म्हणजे संवेग, वस्तुमान गुणिले वेग.

हाताच्या टप्प्याचं गणित करा. हाताने चेंडू थांबलेल्या स्थितीतून २५ सेंटिमीटर अंतरात सेकंदाला ५ मीटर वेगापर्यंत नेला. त्वरण सरासरी ५०, वेळ ०.१ सेकंद. एकूण बल ५ न्यूटन, आणि पृथ्वी १ न्यूटनने खाली ओढत असल्यामुळे हाताचं बल ६ न्यूटन. हे बल खरं आहे, मोठं आहे, पण फक्त त्या ०.१ सेकंदापुरतं. हात सुटल्या क्षणी ते ६ वरून शून्य होतं, वितळत नाही.

चेंडूकडे राहतो तो संवेग: ०.१ गुणिले ५, म्हणजे ०.५. तो कसा आला? ५ न्यूटन गुणिले ०.१ सेकंद. तो कसा गेला? पृथ्वीच्या १ न्यूटनला तेवढंच काढून घ्यायला ०.५ सेकंद लागले. ‘म्हणून तर तो अर्धा सेकंद वर जातो!’ असं कोणीतरी बोलतं, आणि माथ्याची ०.५ सेकंदाची वेळ कालच्या तक्त्यात आहेच. हा मेळ बसतो तेव्हा नवी कल्पना मुलांना उपयोगाची वाटते. पोस्नरांची चौथी अट हीच.

शेवटी पहिल्या दिवशीच्या मुलाखतींतली मुलांची वाक्यं फळ्यावर लिहा, नावं न सांगता, आणि सगळ्यांनी मिळून दुरुस्त करा. ‘जोर ओसरला म्हणून चेंडू खाली आला’ याचं ‘पृथ्वीने संवेग काढून घेतला आणि मग उलट दिशेने देत राहिली’ असं होतं. घरी ‘जोर’ म्हणायला हरकत नाही, हे आवर्जून सांगा. विज्ञानाच्या वहीत मात्र प्रत्येक वेळी विचारायचं: हा जोर म्हणजे बल की संवेग? बल असेल तर कोण लावतंय?

चौथी तासिका आणि तीन आठवड्यांनंतर

चौथ्या तासिकेत नवं काही शिकवू नका. वेगळ्या दिसणाऱ्या तीन परिस्थिती द्या: लाथेने मारून जमिनीवर घसरत जाणारा खोका, गुळगुळीत बर्फावर सरकणारी चकती, आणि तिरका फेकलेला चेंडू. प्रत्येकाला दोन रंगांचे बाण आणि ‘कोण लावतंय’. चेंडू बरोबर करणारी पुष्कळ मुलं खोक्याला पुढच्या दिशेने बाण काढतात. असं झालं तर त्यांनी ‘फेकलेला चेंडू म्हणजे फक्त गुरुत्व’ हा एक नियम पाठ केला आहे, कल्पना बदललेली नाही. त्यांना गाडीच्या प्रयोगाकडे परत न्या, या वेळी लटकतं वजन काढून टाकून, म्हणजे मागे ओढायला फक्त घर्षण उरतं.

तीन आठवड्यांनी, दुसरा धडा चालू असताना, न सांगता निदानाचे दोन्ही प्रश्न पुन्हा द्या. लगेच घेतलेली चाचणी ताज्या आठवणीला मोजते, म्हणून ही उशिराचीच खरी. समजा ४० मुलांपैकी आधी ८ बरोबर होती आणि आता २४ आहेत. आधी ३२ जणांना सुधारायला जागा होती, त्यातली १६ भरली गेली, म्हणजे लाभ ०.५. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या निकालांवरून दाखवलं की फक्त व्याख्यानाच्या वर्गांत हा लाभ सरासरी ०.२३ होता आणि विद्यार्थ्यांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. त्यांचे आकडे पूर्ण चाचण्यांचे आहेत, आपले दोन प्रश्नांचे, त्यामुळे तुलना ढोबळच धरा. आपल्याच गेल्या वर्षीच्या वर्गाशी केलेली तुलना जास्त उपयोगी.

उरलेल्या सोळा जणांचे कागद पुन्हा ढिगांत लावा. त्यांतले बरेच आता पहिल्या ढिगातून तिसऱ्यात सरकलेले दिसतात: वर जाताना आणि खाली येताना बरोबर, माथ्यावर मात्र अजून शून्य. त्यांच्यासाठी मी चेंडूचं चित्रण पुन्हा काढत नाही. गाडी, काटा आणि दोरा टेबलावर मांडतो आणि त्यांच्यातल्याच एकाला धक्का द्यायला सांगतो, बाकीच्यांनी फक्त वळणाच्या क्षणी काट्याकडे बघायचं.